पाडवा कोणत्या आठवड्यात मोजायचा?

२०२५ सालचा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला. श्रीखंड, पुरणपोळी आणि साखरेच्या गाठी ऑनलाइन विकणाऱ्या पुण्यातल्या एखाद्या मिठाईच्या दुकानासाठी हा वर्षातल्या मोठ्या विक्रीचा दिवस. असं दुकान गुगल अॅड्सवर जाहिरात करतं, आणि वेबसाइटवर किती लोक आले, किती ऑर्डरी पडल्या हे गुगल अॅनालिटिक्समध्ये पाहतं. दोन्ही साधनं एकाच कंपनीची. तरीही गुगल अॅड्सच्या साप्ताहिक रिपोर्टमध्ये हा रविवार म्हणजे सोमवारी, २४ मार्चला सुरू झालेल्या आठवड्याचा शेवटचा दिवस. अॅनालिटिक्सच्या नेहमीच्या आठवड्यात मात्र तोच रविवार नव्या आठवड्याचा पहिला दिवस. पाडव्यासाठी केलेला खर्च एका आठवड्यात जमा होतो आणि पाडव्याची विक्री पुढच्या आठवड्यात.

याने काय बिघडतं, ते एका कल्पित हिशेबावरून पाहू. समजा, सोमवार २४ ते रविवार ३० मार्च या आठवड्यात दुकानाने जाहिरातीवर २४ हजार रुपये खर्च केले. विक्री सोमवार ते गुरुवार रोज २० हजार, शुक्रवारी ४० हजार, शनिवारी ९० हजार आणि पाडव्याच्या रविवारी १ लाख १० हजार झाली. एकूण ३ लाख २० हजार, म्हणजे जाहिरातीच्या प्रत्येक रुपयामागे साधारण १३ रुपयांची विक्री. पण अॅनालिटिक्सचा आठवडा रविवार २३ ते शनिवार २९ असा धरला, तर पाडवा गळतो आणि त्याच्या जागी आदल्या रविवारची २५ हजारांची विक्री येते. बेरीज होते २ लाख ३५ हजार. रुपयामागे जेमतेम १० रुपये.

खरी दिशाभूल पुढच्या आठवड्यात होते. सण संपला म्हणून दुकानाने खर्च ७ हजारांवर आणला आणि विक्री रोजच्या १५ हजारांवर उतरली, असं धरू. अॅनालिटिक्सच्या ३० मार्च ते ५ एप्रिल या आठवड्यात पाडव्याचे १ लाख १० हजार आणि पुढच्या सहा दिवसांचे ९० हजार मिळून २ लाख दिसतात. ७ हजारांच्या खर्चाशी भागाकार केला, की रुपयामागे २८ रुपये! मालकाच्या टेबलावर निष्कर्ष येतो तो असा, की सणाच्या आठवड्यात जाहिरात फुकट गेली आणि खर्च कमी केल्यावर धंदा वाढला. पुढच्या पाडव्याला जाहिरात कमी करायचा निर्णय इथेच होतो. त्यातला एकही आकडा खोटा नाही, फक्त शेजारी मांडलेले दोन आठवडे एक नाहीत.

सोमवारी आठवडा सुरू करण्याची पद्धत आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. अमेरिकेत रविवारपासून मोजायची सवय आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी दोन्ही पद्धती आपापल्या सोयीने उचलल्या. एक्सेलचं `WEEKNUM` हे सूत्र काही न सांगता वापरलं, तर रविवारपासून मोजतं, `ISOWEEKNUM` सोमवारपासून. ३० मार्च २०२५ या एकाच तारखेला पहिलं सूत्र १४ वा आठवडा म्हणतं, दुसरं १३ वा.

गंमत अशी, की २०२५ मध्ये सोमवार ते शनिवार कोणतीही तारीख घेतली, तर वर्षअखेरीचे मोजके दिवस सोडता दोन्ही सूत्रं एकच क्रमांक देतात. फरक पडतो तो फक्त रविवारी. म्हणून दोन रिपोर्ट आठवड्याच्या क्रमांकावरून जोडणाऱ्याला सगळं व्यवस्थित जुळलंय असंच वाटत राहतं. २०२७ मध्ये मात्र १ जानेवारीला शुक्रवार आहे. आयएसओच्या हिशेबात तो दिवस २०२६ च्या ५३ व्या आठवड्यात जातो, तर एक्सेलच्या साध्या सूत्रात २०२७ च्या पहिल्या आठवड्यात. तिथून पुढे वर्षभर दोन्हींचे क्रमांक वेगळे चालतील. आठवड्याचा क्रमांक हा जोडणीचा दुवा म्हणून वापरूच नये.

उपाय साधा आहे. कोणत्याही साधनातून तयार साप्ताहिक आकडा उचलायचा नाही. रोजचे आकडे तारखेसह काढायचे आणि आठवडा आपण बांधायचा. आठवड्याला क्रमांकाऐवजी त्याच्या सोमवारची तारीख हे नाव द्यायचं. शीटमध्ये `A2` मध्ये तारीख असेल, तर त्या आठवड्याचा सोमवार असा मिळतो:

```
=A2-WEEKDAY(A2,3)
```

यात `3` हा आकडा सोमवारला ० आणि रविवारला ६ मानायला सांगतो. ३० मार्चमधून ६ दिवस वजा झाले, की २४ मार्च. खर्चाच्या आणि विक्रीच्या प्रत्येक ओळीपुढे हा सोमवार लिहिला आणि त्यावर बेरीज केली, की दोन्ही बाजू एकाच मापात येतात. सूत्र बरोबर बसलंय का, हे तपासायला एखादा रविवार आणि त्यानंतरचा सोमवार घ्यावा. दोघांपुढे वेगवेगळ्या तारखा यायलाच हव्यात.

पण ही युक्ती प्रत्येक आकड्याला चालत नाही. रुपये आणि ऑर्डरी बेरजेने वाढतात, माणसं नाही. सोमवारी आणि बुधवारी साइटवर आलेली एकच व्यक्ती रोजच्या यादीत दोनदा दिसते, आठवड्याच्या मोजणीत एकदा. त्यामुळे रोजच्या भेट देणाऱ्यांची बेरीज करून आठवड्याचे लोक काढले, तर आकडा फुगतो. त्यासाठी अॅनालिटिक्सला सोमवार ते रविवार अशी तारखांची मुदत देऊन नव्याने विचारावं लागतं.

तारखा जुळल्या तरी दिवस जुळतोच असं नाही. गुगलवर शोधताना आपली साइट किती वेळा दिसली, हे सांगणाऱ्या सर्च कन्सोलचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घड्याळाने मोजला जातो. मार्चअखेरीस तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. म्हणजे सर्च कन्सोलची ३० मार्च आपल्याकडे पाडव्याच्या दुपारी साडेबाराला उजाडते. सकाळी श्रीखंड शोधणाऱ्यांची नोंद २९ तारखेला पडते आणि सोमवारी सकाळी शोधणाऱ्यांची पाडव्याला. हा फरक दुकानाला दुरुस्त करता येत नाही. रोजची तुलना टाळून सर्च कन्सोलचे आकडे आठवड्याच्या किंवा महिन्याच्या पातळीवरच वाचावेत, आणि कडेचा अर्धा दिवस इकडेतिकडे होणार हे धरून चालावं. अॅनालिटिक्समध्ये मात्र वेळेचा पट्टा आपल्याला निवडता येतो. तो भारताचा आहे ना, हे एकदा पाहून घ्यावं. नंतर बदलला तर आधीचे आकडे बदलत नाहीत, पुढचेच बदलतात.

आणखी एक घोळ क्लिकच्या तारखेचा. गुरुवारी कुणी जाहिरातीवर क्लिक केलं आणि रविवारी ऑर्डर दिली, तर गुगल अॅड्स ती ऑर्डर नेहमीच्या रकान्यात गुरुवारच्या नावावर लिहितं, कारण पैसे त्या क्लिकसाठी खर्च झाले. अॅनालिटिक्स ती रविवारी लिहितं. जाहिरातीची किंमत वसूल झाली का, हे पाहायला पहिली पद्धत योग्य. विक्रीच्या वहीशी ताळा घालायला दुसरी. गुगल अॅड्समध्ये ऑर्डरीच्या तारखेनुसार मोजणारा वेगळा रकानाही आहे, ताळ्यासाठी तो घ्यावा. मागच्या आठवड्याचे गुगल अॅड्सचे आकडे आज थोडे वाढलेले दिसले, तर त्याचं कारणही बहुधा हेच असतं: उशिरा आलेल्या ऑर्डरी मागच्या क्लिकखाली जाऊन बसतात.

महिन्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे बंद होण्याच्या तारखाच निरनिराळ्या असतात. पाडव्याला रविवारी विकलेल्या श्रीखंडाचं बिल मार्चचं, त्याचा हिशेब मार्चच्या जीएसटीआर-१ विवरणात जाणार, आणि दर महिन्याला विवरण भरणाऱ्याने ते ११ एप्रिलपर्यंत द्यायचं. ऑनलाइन पेमेंटची रक्कम मात्र कामकाजाचे एकदोन दिवस जाऊन खात्यात येते आणि १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात. क्रेडिट कार्डाने जाहिरातीचे पैसे भरत असाल, तर कार्डाचं बिल महिन्याच्या मधल्याच एखाद्या तारखेला कापलं जातं. त्यामुळे मार्चच्या विक्रीचे तीन आकडे निघतात: साइटवरच्या ऑर्डरींचा, बिलांचा आणि बँकेत आलेल्या पैशांचा. तिघांना जबरदस्तीने एक करू नये. बिलाची तारीख हा पाया धरावा आणि बाकीच्यांचा फरक एका छोट्या यादीत लिहावा: येणं बाकी, रद्द झालेल्या ऑर्डरी, पेमेंट कंपनीने कापलेलं शुल्क. यादी मांडल्यावर शून्य उरलं, तर महिना जुळला. काही उरलं, तर नेमकं शोधायचं काय, तेही त्यातूनच कळतं.

आता सगळी साधनं एका रांगेत आली तरी एक फरक उरतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानदाराला तोच सर्वांत महाग पडतो. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला. त्यामुळे मार्च २०२५ ची तुलना मार्च २०२४ शी केली, तर सणाची विक्री ही वाढ म्हणून मिरवली जाते, आणि एप्रिलची तुलना केली, तर धंदा कोसळल्यासारखा दिसतो. आर्थिक वर्षात तर हे आणखी ठळक होतं. २०२३ चा पाडवा २२ मार्चला येऊन गेला आणि अधिक श्रावणामुळे पुढचा थेट ९ एप्रिल २०२४ ला आला. म्हणजे १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षात तो दोनदा आला. दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून वाढीचा टक्का काढणाऱ्या कुणालाही ही गोष्ट आकड्यांतून दिसणार नाही.

म्हणून सणावर चालणाऱ्या धंद्याने महिन्याच्या तुलनेबरोबर पाडव्याआधीचे १४ दिवस आणि नंतरचे ७ दिवस अशी सणाची वेगळी मुदत आखावी आणि या वर्षीची मुदत मागच्या वर्षीच्या मुदतीशी ताडून पाहावी. तारखांच्या तक्त्यात सोमवार, महिना आणि आर्थिक वर्ष यांच्या शेजारी सणापासूनचा दिवस हा चौथा रकाना असला, की हे काम बेरजेवर येतं.

२०२६ चा पाडवा १९ मार्चचा, आणि अधिक ज्येष्ठामुळे त्यानंतरचा ७ एप्रिल २०२७ ला. २०२६-२७ या आर्थिक वर्षात पुन्हा पाडवा नाही. ज्यांचं वर्षाचं उद्दिष्ट सणाच्या विक्रीवर बेतलेलं असतं, त्यांनी ही नोंद वर्षाच्या पहिल्याच रिपोर्टवर लिहून ठेवावी.