पाणीपाळीचे वेळापत्रक : तास कसे ठरवावेत, पाळी कशी बदलावी

सूर्या प्रकल्पात धामणी धरणाचे पाणी कवडास उन्नैयी बंधाऱ्यावरून डाव्या व उजव्या कालव्यांत सोडले जाते. या कालव्यांवर असो वा कुर्झे धरणाखाली, एका चारीवरच्या शेतकऱ्यांना पाणी आळीपाळीनेच घ्यावे लागते. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानुसार पाणी वापर संस्थेला पाणी मोजून मिळते. ते सभासदांत वाटण्याचे काम संस्थेचे असते. त्यामुळे आवर्तन सुटण्याआधी प्रत्येकाच्या हातात लेखी वेळापत्रक हवे.

तासांचा हिशोब

चारीत सेकंदाला 30 लिटर पाणी येत असेल तर तासाला 108 घनमीटर होते. एक एकरावर 75 मिलिमीटर पाणी द्यायला सुमारे 304 घनमीटर लागते, म्हणजे 2 तास 50 मिनिटे. शेतातली थोडी गळती धरून एकरी 3 तास ठरवावेत. हा हिशोब वाल, हरभरा, मूग, भुईमूग अशा पिकांचा आहे. उन्हाळी भाताला तो लागू होत नाही.

चारीवर सहा शेतकरी आणि 20 एकर क्षेत्र आहे असे समजू. एकूण 60 तास झाले. शिवाय कोरडी चारी शेवटपर्यंत भरायला एक तास लागतो. शेजपाळीत पाणी शेवटच्या शेतापासून सुरू करून माथ्याकडे आणतात. त्यामुळे चारी एकदाच भरावी लागते आणि हा भरणीचा तास कोणा एकाच्या वाट्यातून जात नाही. शेजाऱ्यांना पाठवायचा संदेश असा असावा :

> सोमवारी पहाटे 5 वाजता पाणी सुटेल. 5 ते 6 चारीची भरणी.
> क्र. 6 (शेवट, 4 एकर) : सोमवार सकाळी 6 ते संध्याकाळी 6
> क्र. 5 (3 एकर) : सोमवार संध्याकाळी 6 ते मंगळवार पहाटे 3
> क्र. 4 (3 एकर) : मंगळवार पहाटे 3 ते दुपारी 12
> क्र. 3 (4 एकर) : मंगळवार दुपारी 12 ते रात्री 12
> क्र. 2 (2 एकर) : मंगळवार रात्री 12 ते बुधवार सकाळी 6
> क्र. 1 (माथा, 4 एकर) : बुधवार सकाळी 6 ते संध्याकाळी 6
> पुढचे आवर्तन संध्याकाळी 5 ला सुरू होईल.

शेवटच्या ओळीमुळे दिवस-रात्रीच्या पाळ्या उलटतात आणि रात्रीचे पाणी दर वेळी त्याच माणसाच्या वाट्याला येत नाही. पहाटेच्या वेळेपुढे वार जरूर लिहावा. ‘सोमवारी रात्री 3’ असे लिहिले तर कोणी एक दिवस आधी येतो, कोणी नंतर.

पाळी बदलताना

लागून असलेल्या दोघांनी पाळी बदलली तर अडचण कमी. क्र. 2 चे 6 तास आणि क्र. 3 चे 12 तास मिळून 18 तासांचा एकच गट होतो. क्र. 2 ने मंगळवारी दुपारी 12 ते 6 आणि क्र. 3 ने तिथून बुधवारी सकाळी 6 पर्यंत पाणी घेतले, तर बाकी कोणाची वेळ हलत नाही.

लांबच्या दोघांनी पाळी बदलली की नुकसान तिसऱ्याचे होते. क्र. 1 आणि क्र. 6 दोघांचेही 12 तासच आहेत, म्हणून बदल बरोबरीचा वाटतो. पण सोमवारी क्र. 1 ने पाणी घेतले तर ते माथ्यावरच वळते आणि खालची चारी कोरडी राहते. संध्याकाळी 6 ला क्र. 5 ची पाळी लागते, तेव्हा त्याचा बराच वेळ चारी भरण्यातच जातो. म्हणून अशा बदलात क्र. 1 ने 5 वाजताच नाका बंद करावा. त्याला भरणीची गरज नसल्याने पहाटे 5 पासूनच पाणी मिळालेले असते, म्हणजे त्याचे 12 तास पूर्ण होतात. क्र. 6 ला मात्र बुधवारी रिकामी झालेली चारी पुन्हा भरून घ्यावी लागेल. तो वेळ त्याच्याच 12 तासांतून जाईल, हे त्याने होकार देण्याआधी समजून घ्यावे.

लांबच्या दोघांचे तास कमी-जास्त असतील तर कमी असलेल्याइतकेच तास बदलावेत. पूर्ण पाळ्या बदलल्या तर मधल्या सर्वांच्या वेळा सरकतात. बदल आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाटकऱ्याला आणि पुढच्या पाळीवाल्याला कळवावा.

पाणी कमी आले किंवा मध्येच बंद झाले तर

प्रवाह सुरुवातीपासून सारखाच कमी असेल तर तास बदलू नयेत. तूट सर्वांवर क्षेत्राप्रमाणे पडते. पाणी मध्येच बंद झाले तर ज्याची पाळी तुटली त्याचे राहिलेले तास आणि त्यानंतरच्या पाळ्या पुढच्या आवर्तनात आधी घ्याव्यात. बंद झाल्याची वेळ त्याच वेळी नोंदवून सर्वांना कळवावी. दोन दिवसांनी आठवून सांगितलेल्या वेळेवरूनच बहुतेक भांडणे होतात.