चाळीस टक्के ब्लॉकेज आणि अचानक झटका

बोट कापलं की काही मिनिटांत रक्त गोठतं. तेच रक्त रक्तवाहिन्यांतून आयुष्यभर वाहतं आणि गोठत नाही, कारण वाहिन्यांना आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. हे अस्तर सतत काम करत असतं, याची ठळक जाणीव १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी करून दिली. सशाच्या महाधमनीचे तुकडे असिटिलकोलीन टाकल्यावर सैल पडत, पण अस्तर घासून निघालं असेल तर ते सैल पडत नसत. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड निघाला.

हाच वायू प्रोस्टासायक्लिनच्या जोडीने प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. पण मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो थ्रोम्बोमोड्युलिन हा रेणू. गुठळी बांधण्याचं मुख्य काम थ्रोम्बिनचं. अस्तरावरचा थ्रोम्बोमोड्युलिन त्याला पकडतो आणि मग तेच थ्रोम्बिन ‘प्रोटीन सी’ला जागं करून गोठण्याची साखळी तोडतं.

अथेरोस्क्लेरोसिसमध्ये अस्तराखाली एलडीएल कोलेस्टेरॉल साचतं. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुगून मरतात आणि चरबीचा मऊ गाभा तयार होतो. त्यावर तंतूंची टोपी असते. वरचं अस्तर जागेवर दिसलं तरी आजारी असतं, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. गाभ्यात मात्र ‘टिश्यू फॅक्टर’ ठासून भरलेला असतो, आणि रक्त गोठण्याची साखळी सुरू करणारी खरी कळ तीच.

समजा, पन्नाशीतल्या एका माणसाची हृदयधमनी ४० टक्के अरुंद झाली आहे. ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल येते, कारण धाप लागेल इतकं चाललं तरी तेवढ्या वाटेने पुरेसं रक्त जातं. पण टोपी पातळ असेल, तर ती एके दिवशी फाटते. उघड्या कोलाजेनला प्लेटलेट्स चिकटतात, टिश्यू फॅक्टर थ्रोम्बिन बनवतो, आणि तिथे थ्रोम्बोमोड्युलिन असलेलं अस्तरच नसल्यामुळे त्याला आवर घालणारं कोणी उरत नाही. फायब्रिनच्या जाळ्याने गुठळी घट्ट होते आणि वाहिनी पूर्ण बंद होऊ शकते. ईसीजी बदलतो, रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं. म्हणूनच नॉर्मल टेस्टच्या भरवशावर छातीतलं दडपण अंगावर काढू नये. काही रुग्णांत टोपी शाबूत राहते, फक्त वरचं अस्तर झिजतं आणि तेवढ्यानेही गुठळी होते.

ॲस्पिरिन प्लेटलेट्समधलं एक विकर कायमचं बंद करतं. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ती नवं विकर बनवू शकत नाही, तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात तो परिणाम टिकतो. अस्तराच्या पेशी मात्र नवं विकर बनवतात, म्हणून छोट्या डोसमध्ये प्रोस्टासायक्लिन बऱ्याच अंशी टिकतं. पण ॲस्पिरिन टोपी मजबूत करत नाही, आणि रक्तस्रावाचा धोका असल्यामुळे ती आपल्या मनाने रोज घेऊ नये. गाभ्यातली चरबी कमी करून टोपी जाड व्हायला मदत करतात ती स्टॅटिन्स.