पिनकोड खोडला, तरी पूर्वग्रह उरतोच

गोवंडीतल्या शिवाजीनगर-बैंगनवाडीचा पिनकोड 400043. शेजारच्या चेंबूरचा 400071. कर्ज देणाऱ्यांच्या बोलीत ‘निगेटिव्ह एरिया’ असा एक शब्द आहे: जिथल्या अर्जांकडे आधीपासून संशयाने पाहिलं जातं, ती वस्ती. आता अर्ज साहेबाऐवजी संगणक तपासतो, म्हणजे हा संशय संपला, असं अनेकांना वाटतं. तो संपत नाही, कारण संगणक शिकतो ते साहेबाच्याच जुन्या फायलींवरून.

एक काल्पनिक हिशोब मांडून पाहू. समजा, एका वित्तसंस्थेकडे दोन्ही भागांतले प्रत्येकी 1,000 जुने अर्ज आहेत. साहेबांनी चेंबूरचे 800 मंजूर केले, गोवंडीचे 200. चेंबूरच्या 800 पैकी 40 जणांनी कर्ज बुडवलं, गोवंडीच्या 200 पैकी 10 जणांनी. दोन्हीकडे 5 टक्केच. संस्थेने संगणकाच्या मॉडेलला मात्र ‘फेडलं की बुडवलं’ हे शिकवलंच नाही. ‘मंजूर की नामंजूर’ एवढंच शिकवलं. आता ‘चेंबूरला हो, गोवंडीला नाही’ एवढा एकच नियम धरला, तरी तो 2,000 पैकी 1,600 जुन्या निर्णयांशी जुळतो.

“मॉडेल 80 टक्के अचूक आहे” हा दुसरा गैरसमज इथूनच जन्मतो. ती अचूकता कर्जफेड ओळखण्याची नव्हे, साहेबाची नक्कल करण्याची आहे.

मग पिनकोडचा रकानाच काढून टाकला तर? तरीही फारसा फरक पडत नाही. जरीकाम किंवा शिलाई करणाऱ्याची कमाई रोखीत येते, पगाराची स्लिप नसते, खोली भाड्याची आणि लहान असते. हे तीन-चार रकाने एकत्र आले की मॉडेलला वस्ती पुन्हा ओळखता येते.

खरी अडचण याहून खोल आहे. गोवंडीच्या नाकारलेल्या 800 जणांनी कर्ज फेडलं असतं का, याचं उत्तर कुठल्याच फायलीत नाही. त्यांना कर्ज मिळालंच नाही. मंजूर झालेले 200 जण बहुधा कडक चाळणीतून आलेले, त्यामुळे त्यांचे 5 टक्के सगळ्यांना लावणंही चूक ठरेल. नाकारलेल्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडायचं, लहान कर्ज द्यायचं आणि वर्षभर हप्ते पाहायचे, हा प्रामाणिक उपाय आहे. त्यात थोडे पैसे बुडतील. पण त्याशिवाय ही माहिती मिळणार नाही, आणि ती नसताना कुणाला ‘धोकादायक’ ठरवणं अन्यायाचं आहे.

रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांना उचित व्यवहाराची संहिता घालून दिली. छोट्या कर्जाचा अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवावं, असं त्यात सांगितलं होतं; पुढे 2007 मध्ये ते सर्व कर्जांना लागू झालं. त्यामुळे “सिस्टीमने नाकारलं” एवढंच ऐकून काउंटरवरून परत फिरू नका. कारण लेखी मागा.