एप्रिलची टंचाई जानेवारीत दिसते

नागपूरच्या कूलर कारखान्यांत सगळ्यात जास्त पैसा बाहेर जातो तो गारठ्याच्या दिवसांत. पत्रा, मोटारी, पंप, हनिकोंब पॅड यांची खरेदी डिसेंबरपासून जोर धरते. माल गोदामातून निघतो होळीच्या आगेमागे, आणि डीलरकडचे पैसे हातात येईपर्यंत पावसाळा तोंडावर आलेला असतो. अशा धंद्यात वर्षाअखेर नफा झाला तरी एप्रिलच्या मध्यावर पुरवठादाराचे बिल भागवायला पैसे नसतात. ही ओढाताण दरवर्षीची असली, तरी ती किती लाखांची आणि कोणत्या आठवड्यात येणार हे बहुतेक ठिकाणी अंदाजानेच सांगितले जाते. खरे तर त्याचे उत्तर कारखान्याच्या ईआरपीमध्ये, म्हणजे खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत, जानेवारीतच नोंदलेले असते. फक्त ते नीट वाचावे लागते.

ईआरपी हा अंदाज तीन ठिकाणांहून उचलते. पहिले, ग्राहकांना दिलेली पण अजून वसूल न झालेली बिले. दुसरे, पुरवठादारांची आलेली पण आपण न भागवलेली बिले. तिसरे, पक्क्या झालेल्या ऑर्डरी, विक्रीच्याही आणि खरेदीच्याही. बिलावर देय तारीख असतेच. ऑर्डरीला ती नसते, म्हणून माल पोचवायची तारीख धरून तिच्यात उधारीचे दिवस मिळवले जातात. 25 फेब्रुवारीला जाणारा माल 60 दिवसांच्या उधारीवर असेल, तर त्याचे पैसे 26 एप्रिलच्या रकान्यात पडतात. पगार, वीज, कर्जाचे हप्ते आणि जीएसटी यांची ना ऑर्डर असते ना बिल, म्हणून ते वेगळे भरावे लागतात. ते विसरले की पडद्यावरचा आकडा सुखावह दिसतो, एवढेच.

एक उदाहरण घेऊ. कारखाना कल्पित आहे, पण आकड्यांची ठेवण या धंद्यातलीच आहे. 1 जानेवारीला बँकेत 40 लाख रुपये आहेत. तेही खरे तर डीलरांनी आगाऊ बुकिंगसाठी दिलेले अ‍ॅडव्हान्स. सीसी लिमिट दीड कोटीचे, अजून न वापरलेले. येणे 60 लाख. देण्याची बिले 70 लाखांची, त्यातली 30 जानेवारीत आणि 40 फेब्रुवारीत भागवायची. खरेदीच्या पक्क्या ऑर्डरींचे 70 लाख मार्चमध्ये आणि 80 लाख एप्रिलमध्ये द्यावे लागतील. पगार आणि इतर नेहमीचा खर्च महिन्याला 15 लाख. विक्रीच्या पक्क्या ऑर्डरी 4 कोटींच्या, माल जाणार फेब्रुवारी ते मे. अ‍ॅडव्हान्स वजा जाता फेब्रुवारीच्या मालाचे 54 लाख एप्रिलअखेर येतील, मार्चच्या मालाचे 1 कोटी 26 लाख मेमध्ये.

हे सगळे जसेच्या तसे मांडले, एप्रिलच्या जीएसटीचे 10 लाख धरले, तर एप्रिलअखेर खाते 1 कोटी 36 लाखांनी वजा दिसते. लिमिट दीड कोटीचे, म्हणजे 14 लाख शिल्लक. मालक निर्धास्त होतो.

आता त्या 60 लाखांच्या येण्याकडे बघा. त्यातले 45 लाख गेल्या हंगामातले आहेत, त्यांची मुदत ऑगस्टमध्येच टळून गेलेली. संगणकाला ही रक्कम ठेवायला भविष्यातली तारीख नाही. अनेक ईआरपी अशी सगळी थकबाकी आजच्या तारखेवर आणून टाकतात, जणू सगळे थकलेले डीलर या आठवड्यातच चेक घेऊन येणार आहेत. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. अंदाजाच्या पहिल्या आठवड्यात भरघोस जमा दिसते, ती येत नाही, आणि पुढच्या सोमवारी तोच उंचवटा पुन्हा पहिल्याच आठवड्यात उभा असतो. आमच्या उदाहरणात वसुली पाहणाऱ्या माणसाला विचारले, तर तो सांगेल की नवा माल हवा म्हणून काही डीलर फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळून 20 लाख देतील. उरलेले 25 लाख या हंगामाच्या हिशेबात धरू नयेत. ते वगळले की एप्रिलअखेरची वजाबाकी 1 कोटी 61 लाखांवर जाते. लिमिट ओलांडले.

देय तारीख ही कागदावरची तारीख असते. पैसा येतो तो डीलरच्या सवयीने. म्हणूनच काही प्रणाल्यांत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सोय असते. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलमध्ये ग्राहकाच्या खात्यावर `Cash Flow Payment Terms Code` असा स्वतंत्र रकाना आहे. बिलावर 60 दिवस छापायचे आणि अंदाजासाठी तिथे 80 दिवसांची अट लावायची, असे करता येते. पण हंगामी धंद्यात वर्षभराची सरासरीही फसवते. एप्रिलपर्यंत डीलरला पुढचा माल हवा असतो, म्हणून तो फेब्रुवारीचे बिल वेळेवर चुकते करतो. मेमध्ये त्याचे गोदाम भरलेले असते आणि त्याला आपली गरज उरत नाही, म्हणून एप्रिल-मेची बिले लांबतात. माझ्या मते विलंब ग्राहकवार मोजण्याआधी बिलाच्या महिन्यानुसार मोजावा. गेल्या दोन-तीन हंगामांची बिले आणि प्रत्यक्ष जमा तारखा ईआरपीत असतातच. आमच्या उदाहरणात हे मोजून मार्चच्या बिलांतले निम्मेच पैसे मेमध्ये येतील असे धरावे लागते, उरलेले निम्मे जूनमध्ये.

ऑर्डरींच्या बाबतीत घोळ वेगळा असतो. 100 कूलरची ऑर्डर आली, 90 गेले, 90 चे बिल झाले. बिलाची रक्कम येण्यात आली, आणि ऑर्डर अजून उघडी आहे म्हणून प्रणालीतल्या एखाद्या घाईने बनवलेल्या अहवालात पूर्ण 100 ची रक्कमही आली. तोच पैसा दोनदा मोजला गेला. अंदाजात ऑर्डरीचा फक्त बिल न झालेला भाग यायला हवा. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये त्यासाठी ऑर्डरीवर `per_billed` हा टक्का असतो, आणि मिळालेला अ‍ॅडव्हान्स `advance_paid` मध्ये. दोन्ही वजा करूनच पुढचा आकडा धरायचा. शिवाय राहिलेले 10 कूलर डीलर नेणार नाही हे गोदामात सगळ्यांना ठाऊक असते, पण ऑर्डर बंद करायचे काम कोणी करत नाही. माल पोचवायची तारीख उलटून गेलेल्या उघड्या ऑर्डरींची यादी काढली की हा कचरा एका दृष्टिक्षेपात दिसतो. या यादीची साफसफाई हिशेबनीसाकडे न देता विक्री विभागाकडेच द्यावी, कारण ऑर्डर जिवंत आहे की नाही हे त्यालाच माहीत असते.

इथपर्यंतचा हिशेब महिनाअखेरचा होता. सगळ्यात मोठा खड्डा मात्र महिन्याच्या आत लपलेला आहे. एप्रिलची सुरुवात 1 कोटी 10 लाखांच्या वजाबाकीने होते. पहिल्या आठवड्यात पगार आणि इतर खर्चाचे 15 लाख जातात. मार्चच्या सुरुवातीला आलेल्या मोटारींचे आणि पत्र्याचे 80 लाख पंधरा तारखेच्या सुमारास द्यायचे असतात. 20 तारखेला जीएसटी. फेब्रुवारीचा बहुतेक माल त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलेला, म्हणून त्याचे 54 लाख येतात 26 एप्रिलनंतर. म्हणजे 20 तारखेला खाते 2 कोटी 15 लाखांनी वजा असायला हवे, आणि लिमिट आहे दीड कोटी. 65 लाखांची ही तूट आठवडाभराचीच असली, तरी चेक परत जायला एक दिवसही पुरतो. म्हणून हंगामाच्या तोंडाशी असलेल्या तीन-चार महिन्यांसाठी अंदाज आठवड्याचाच हवा.

लिमिट दीड कोटीचे म्हणजे दीड कोटी मिळतीलच, असेही नाही. बँक साठा आणि येणी पाहून उचल ठरवते, आणि साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जुनी येणी त्यात मोजत नाही. ते 25 लाख तिथेही उपयोगाचे नाहीत.

जानेवारीत हे दिसले तर हातात वेळ असतो. पुरवठादाराला पैसे लांबवणे हा पहिला मोह, पण मोटार बनवणारा लहान कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करारानेही 45 दिवसांपलीकडे जाता येत नाही, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पैसे लांबवण्याऐवजी माल उशिरा मागवता येतो. एप्रिल-मेच्या उत्पादनासाठी लागणाऱ्या 35 लाखांच्या मोटारी मार्चऐवजी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घ्यायच्या ठरवल्या, तर त्यांचे पैसे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जातात. तेव्हा मार्चच्या बिलांची वसुली सुरू झालेली असते. दुसरा उपाय, फेब्रुवारीचा माल नेणाऱ्या डीलरना मार्चअखेर पैसे दिल्यास दोन टक्के सूट. निम्म्यांनी घेतली तर 27 लाखांची बिले महिनाभर आधी वसूल होतात, आणि त्यासाठी 54 हजार रुपये मोजावे लागतात. या दोन बदलांनी 20 एप्रिलची वजाबाकी दीड कोटीच्या जवळ येते, तीन-चार लाखच वर राहतात. तेवढ्यासाठी आणि थोड्या सुरक्षिततेसाठी वीसेक लाखांची तात्पुरती वाढीव मर्यादा हा आठवडावार तक्ता दाखवून फेब्रुवारीत मागता येते. एप्रिलमध्ये मागितली तर बँकेला ती अडचण दिसते, फेब्रुवारीत मागितली तर नियोजन.

अवकाळी पावसाचे काय? एप्रिलमध्ये आठ दिवस आभाळ राहिले की पक्क्या ऑर्डरीही डगमगतात, डीलर माल पुढे ढकलतो. पण त्याचा फटका एप्रिलच्या खात्याला बसत नाही. एप्रिलचा माल कमी गेला, तर कमी पडणारा पैसा जून-जुलैचा असतो. म्हणून अंदाजाची दुसरी प्रत ठेवून तीत एप्रिलच्या ऑर्डरी निम्म्यावर आणून बघाव्यात. जुलैचा आकडा किती खाली जातो हे कळले की मेमध्ये जादा पॅड मागवायचे की नाहीत, हा निर्णय पाऊस पडल्याच्या आठवड्यातच घेता येतो.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र हाच पडदा सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. वसुली झालेली असते, बँकेत पैसा असतो, आणि देण्याच्या बाजूला जवळपास काहीच नसते, कारण पुढच्या हंगामाच्या खरेदीची एकही ऑर्डर अजून निघालेली नाही. ईआरपी उघड्या बिलांवरून आणि ऑर्डरींवरून पाहते, तिची नजर तिथपर्यंतच जाते. याच महिन्यांत नवी मशीन घेतली जाते किंवा मालक घरासाठी रक्कम काढतो. म्हणून सप्टेंबरच्या अंदाजात गेल्या वर्षीच्या डिसेंबर ते मार्चची खरेदी, यंदाचे भाव लावून, वेगळ्या रंगात भरून ठेवावी. प्रत्यक्ष पीओ निघत जाईल तसतसा तितकाच आकडा या भरीव अंदाजातून कमी करायचा, नाहीतर तीच खरेदी पुन्हा दोनदा मोजली जाते.