चार ‘ऑर्डर्स’, खरं टेबल कोणतं?

समजा, ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीतल्या विश्लेषकाला गेल्या महिन्याची उलाढाल काढायची आहे. कंपनीचा सगळा डेटा क्लाउडवरच्या सामायिक ‘डेटा लेक’मध्ये पडलेला. शोध घेतला की समोर येतात orders, orders_v2, orders_final आणि orders_final_new. नावावर विसंबावं तर फसगत ठरलेली, कारण ‘फायनल’ टेबल कधीच बंद पडलेलं असू शकतं.

अमेरिकेतल्या ‘लिफ्ट’ या टॅक्सीसेवेलाही अशीच अडचण होती. तिने बनवलेला ‘अमुंडसेन’ हा डेटा कॅटलॉग २०१९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात जे टेबल लोक जास्त वापरतात, ते शोधात वर येतं. सोबत मालक कोण, शेवटची भर कधी पडली आणि नेहमी वापरणारे कोण, हेही दिसतं. पण लोकप्रिय म्हणजे बरोबर असं नाही. चुकीचं टेबलही सवयीने वर्षानुवर्षं वापरलं जातं.

म्हणून ‘लिनिएज’, म्हणजेच डेटाची वंशावळ लागते. एके सकाळी अहवालात सरासरी ऑर्डर ४५० रुपयांवरून थेट ४५,००० वर गेली, असं धरू. विश्लेषक अहवालापासून मागे जातो. अहवाल daily_sales वरून बनतो, ते orders_clean वरून आणि ते पेमेंट विभागाच्या कच्च्या नोंदींवरून. तिथे सापडतं की, आदल्या रात्रीपासून रक्कम रुपयांऐवजी पैशांत साठवली जाते आहे. हीच साखळी उलट दिशेने पाहिली की आणखी कोणते अहवाल बिघडले तेही कळतं. मात्र कुणी मधेच फाइल लॅपटॉपवर उतरवून एक्सेलमध्ये फिरवली आणि पुन्हा चढवली, तर साखळी तिथेच तुटते. ही रोजची रड आहे.

सापडलेलं टेबल सगळ्यांना पूर्ण दिसावं असंही नाही. ॲमेझॉनच्या ‘लेक फॉर्मेशन’मध्ये विश्लेषकाला रक्कम आणि शहर दाखवून फोन नंबरचा रकाना झाकता येतो. गोम वेगळीच आहे. आधीच्या व्यवस्थेशी जुळवून घेण्यासाठी तिथे IAMAllowedPrincipals नावाच्या गटाला मुळातच पूर्ण परवानगी दिलेली असते. ती काढली नाही तर जुने नियमच चालू राहतात आणि नवी बंधनं कागदावरच उरतात. शिवाय ज्याला मूळ फायली ठेवलेल्या S3 मध्ये थेट प्रवेश आहे, तो कॅटलॉगला वळसा घालून फोन नंबरसकट सगळं वाचतो. ही परवानगी एका फटक्यात काढावी तर तिच्यावर चालणारे जुने अहवाल बंद पडतात, म्हणून ती टेबलागणिक काढत जावी लागते.

ही व्यवस्था बसवणाऱ्यांनी काम संपल्याचं जाहीर करण्याआधी एका साध्या विश्लेषकाच्या खात्याने आत शिरावं आणि तो फोन नंबरचा रकाना दोन्ही वाटांनी वाचून पाहावा.