न वळलेला कॅमेरा

मध्यरात्री जंगलात कुणीतरी बाहेरून तंबू गदागदा हलवतंय. लहान मुलांचे आवाज येताहेत. आतले तिघं उठून अंधारात धावत सुटतात. पळता पळता हेदर एका बाजूला बघून किंचाळते, ‘ते काय आहे?’ आपलीही मान वळते. पडद्यावर मात्र हिंदकळणारा उजेड, फांद्या आणि काळोख. तिला काय दिसलं, ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या १९९९च्या अमेरिकन चित्रपटातला हा प्रसंग. तिथे खरं तर एक माणूस उभा होता. चित्रपटाचा कलादिग्दर्शकच, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, तोंडावरही पांढरं काहीतरी ओढून. कॅमेरा त्याच्याकडे वळायचा होता, पण धांदलीत राहून गेला. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी तो न वळलेला शॉटच ठेवला. बरं झालं. तो माणूस दिसला असता, तर थिएटरात कुणीतरी फिस्सकन हसलं असतं.

‘फाउंड फुटेज’ म्हणजे कुणाला तरी सापडलेलं चित्रण, असा बहाणा करणारा चित्रपट. इथे सुरुवातीला पडद्यावर जेमतेम दोन वाक्यं येतात : ऑक्टोबर १९९४मध्ये मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलात माहितीपट करायला गेलेले तीन विद्यार्थी नाहीसे झाले; वर्षभरानं त्यांचं चित्रण सापडलं. बस्स. ते कुणाला सापडलं, कुणी जोडलं, काही सांगत नाहीत.

प्रत्यक्षात हे चित्रण १९९७च्या ऑक्टोबरमध्ये आठेक दिवसांत झालं, आणि कॅमेरे नटांच्याच हातात होते. एक साधा व्हिडिओ कॅमेरा, दुसरा कृष्णधवल फिल्मचा. कुठे पोचायचं ते जीपीएस यंत्र सांगे. तिथे प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी असे आणि एकाची दुसऱ्यानं वाचायची नाही. संवाद नटांनी आयत्या वेळी बोलायचे. खाणं रोज थोडं थोडं कमी होत गेलं. त्यामुळे पडद्यावरचा कॅमेरा हलतो तो दमलेल्या, वैतागलेल्या माणसाच्या हातात.

या हलण्याला एक वेळापत्रक असतं, आणि सगळी मेख तिथेच आहे. एरवीच्या चित्रपटात काही घडायच्या आधीच कॅमेरा तिथे जाऊन उभा असतो. दार उघडणार हे त्याला ठाऊक असतं. माणसाच्या हातातला कॅमेरा उशिरा पोचतो : आधी आवाज, मग दचकणं, मग वळणं, मग अंधुक काहीतरी, तेही निसटतं. लग्नात मांडवाचा खांब पडला तर पाहुण्याच्या चित्रीकरणात आधी ‘अगं बाई!’ ऐकू येतं आणि खांब आडवा झाल्यावर दिसतो. अशी चित्रणं खरीच असतात, हे आपल्या डोळ्यांना पाठ झालंय. नकली हलणं त्यामुळे चटकन ओळखू येतं. चौकट थरथरते, पण भूत बरोब्बर मधोमध राहतं.

अर्थात या हलण्याचा त्रासही होतो. डोळे म्हणतात आपण धावतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण खुर्चीत आहोत. घाटात एसटीत पुस्तक वाचताना मळमळतं ते याच भांडणामुळे, फक्त बाजू उलट्या. हा चित्रपट पाहतानाही अनेकांना मळमळलं होतं.

संदर्भ गाळायचा तर किती, हा प्रश्न मात्र अवघड. शेवटी पडक्या घराच्या तळघरात माइक भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा दिसतो, हेदर किंचाळते, कॅमेरा पडतो. चाचणीच्या खेळांत प्रेक्षकांना हे उमगेना. वितरकांना वेगळा शेवट हवा होता. दिग्दर्शकांनी शेवट तसाच ठेवला आणि गावकऱ्याची एक छोटी मुलाखत सुरुवातीकडे घातली : इथला एक खुनी एका मुलाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं करायचा. आता कोपऱ्यातला माइक दिसताच प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. तिथे खरोखर कोण होतं, हे तरीही झाकलेलंच.

थिएटराबाहेरचा संदर्भही असाच दाबून ठेवला होता. पात्रांना नटांचीच खरी नावं होती, ‘हरवले आहेत’ अशी पत्रकं वाटली गेली, संकेतस्थळावर तपासाची बनावट कागदपत्रं होती. नटांना मुलाखतींपासून दूर ठेवलं. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली! ही चलाखी एकदाच चालते; आज ते नट जिवंत आहेत हे फोनवर क्षणात कळतं. तंबूच्या प्रसंगाचं तसं नाही. सगळं माहीत असूनही मान वळतेच.

हलणं हा या प्रकाराचा प्राण नव्हे, हे ओरेन पेली यांच्या २००७च्या ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’त दिसतं. तिथे रात्री कॅमेरा तिपाईवर ठेवलेला, ढिम्म. जोडपं झोपलंय, कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडे सरताहेत. मग दार आपोआप जरासं हलतं. दारापलीकडे काय आहे ते बघायला वळावं, तर कॅमेऱ्याला धरणारं कुणी जागं नाही.