पालकाच्या एका थेंबातले चार रंग

पालकाचे पान हिरवे दिसते, पण त्या हिरव्यात किमान चार रंगद्रव्ये असतात: नारिंगी-पिवळे कॅरोटीन, पिवळे झँथोफिल आणि दोन हरितद्रव्ये, निळसर हिरवे 'अ' व पिवळट हिरवे 'ब'. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेट यांनी ती वेगळी करण्याची रीत १९०३ साली वॉर्सामधल्या एका व्याख्यानात मांडली. काचेच्या अरुंद नळीत खडूची बारीक पूड दाबून भरायची, वरून पानांचा अर्क सोडायचा आणि मग द्रावक ओतत राहायचे, की पुडीत रंगांचे पट्टे उमटतात. कागदावरची रीत बरीच नंतर, १९४४ साली आली. समजून घ्यायला मात्र तीच सोपी.

पालकाची पाने कोरडी पुसून खलबत्त्यात थोड्या ॲसिटोनबरोबर घोटली, की गडद हिरवा अर्क निघतो. फिल्टर पेपरच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटर वर पेन्सिलीने रेघ मारायची. पेनने मारली, तर शाईचेच रंग सुटून वर चढतात. रेघेवर केशनळीने अर्काचा बारीक ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा आणि त्याच जागी पुन्हा द्यायचा, म्हणजे ठिपका न पसरता गडद होतो. मग नऊ भाग पेट्रोलियम ईथर आणि एक भाग ॲसिटोन असे मिश्रण बरणीत तळाशी घेऊन पट्टी उभी टांगायची आणि झाकण लावायचे. द्रावकाची पातळी रेघेच्या खालीच हवी. ठिपका बुडाला, तर रंग कागदावर चढण्याऐवजी बरणीत विरघळून जातो. ही दोन्ही द्रवे चटकन पेट घेतात, म्हणून जवळपास ज्योत नको.

द्रावक कागदात वर चढू लागते आणि रंगही निघतात, पण सगळे सारख्या वेगाने नव्हे. कागदाच्या सेल्युलोजवर असंख्य हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते हवेतले पाणीही धरून ठेवतात. म्हणजे कागद ध्रुवीय आणि वर चढणारे द्रावक जवळजवळ अध्रुवीय. कॅरोटीनच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असल्यामुळे कागदाला धरण्यासारखे त्यात काही नसते. ते द्रावकाबरोबर जवळजवळ टोकापर्यंत जाते. 'अ' आणि 'ब' या हरितद्रव्यांत फरक एवढाच, की 'अ'मध्ये जिथे मिथिल गट असतो तिथे 'ब'मध्ये ऑक्सिजन असलेला आल्डिहाइड गट असतो. एवढ्या मोठ्या रेणूत हा बदल किरकोळ वाटतो, पण त्यामुळे 'ब' अधिक ध्रुवीय होते आणि कागदाला जास्त चिकटून मागे राहते.

हे मागे राहणे आकड्यात सांगता येते. रंगाने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर, हा त्याचा धारण गुणांक, Rf. दोन्ही अंतरे पेन्सिलीच्या रेघेपासून मोजायची आणि रंगाचे अंतर ठिपक्याच्या मध्यापर्यंत घ्यायचे. समजा, द्रावक ८.० सेंटिमीटर चढले, कॅरोटीन ७.६, झँथोफिल ५.७, हरितद्रव्य 'अ' ५.२ आणि 'ब' ३.६ सेंटिमीटरवर आहे.

Rf (कॅरोटीन) = ७.६ ÷ ८.० = ०.९५
Rf (हरितद्रव्य 'ब') = ३.६ ÷ ८.० = ०.४५

त्याच हिशेबाने झँथोफिल ०.७१ आणि 'अ' ०.६५. हा आकडा एकापेक्षा मोठा कधीच येत नाही, कारण रंग द्रावकाच्या पुढे धावू शकत नाही. आलाच, तर द्रावकाच्या टोकाची खूण उशिरा केली असणार. ते क्षणात उडून जाते, म्हणून पट्टी बाहेर काढताच आधी ती खूण करायची. ठिपक्याऐवजी लांब शेपूट दिसली, तर बहुतेकदा अर्क जास्त पडलेला असतो.

रंग नुसते पाहायचे नसून कुपीत जमवायचे असतील, तर स्तंभ हवा. काचेच्या नळीत सिलिका जेल द्रावकात कालवून भरतात आणि शेवटपर्यंत कोरडी पडू देत नाहीत. कोरडी पडली, की तिला चिरा जातात आणि पट्टे वाकडेतिकडे उतरतात. आधी नुसते पेट्रोलियम ईथर ओतले, की कॅरोटीन खाली येते. मग ॲसिटोनचे प्रमाण हळूहळू वाढवायचे, म्हणजे द्रावक अधिकाधिक ध्रुवीय होऊन चिकटलेल्या रंगांनाही सोडवते.

इथे एक गंमत होते. कागदावर 'अ' आणि 'ब' दोघांच्याही पुढे असलेले झँथोफिल सिलिकावर बहुधा दोघांच्याही मागे राहते, कारण त्याच्या हायड्रॉक्सिल गटांना सिलिका घट्ट धरते. शिवाय सिलिका किंचित आम्लधर्मी असल्याने हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून राखाडी फिओफायटिनचा पाचवा पट्टाही दिसू शकतो. तो मूळ पानातला रंग समजू नये. म्हणून वहीत नुसते '०.६५' लिहू नका. शेजारी कागद की सिलिका, द्रावक कोणते, किती प्रमाणात आणि तापमान किती, हेही लिहा.